कथा आणि अभ्यास : अमोलने न विकलेल्या पाच पिशव्या



आज एक गोष्ट वाचू या. गोष्टीतली माणसं काल्पनिक आहेत, पण त्यांच्या हातातलं बियाणं, पाऊस आणि हिशोब अगदी खरा आहे. शेतकऱ्याच्या घरातली मुलं यातल्या अर्ध्या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त ओळखतील. त्यांनी वर्गात इतरांना समजावून सांगायच्या. वाचताना जवळ वही-पेन्सिल ठेवा, कारण मध्येच टक्केवारी करावी लागणार आहे.

गोष्ट लातूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावातली आहे. आजूबाजूच्या वीस-पंचवीस खेड्यांचे लोक इथे येतात. मोंढा आहे, दर आठवड्याला बाजार भरतो, आणि बस स्टँडच्या रस्त्याला ओळीने सात-आठ कृषी सेवा केंद्रं आहेत. कृषी सेवा केंद्र म्हणजे बियाणं, खतं आणि औषधं विकणारं दुकान. जून महिना आला की या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. लातूरकडे खरिपात सोयाबीन फार, त्यामुळे सगळी गर्दी सोयाबीनच्या पिशव्यांसाठीच.

अशाच एका दुकानात अमोल नावाचा मुलगा कामाला लागला. वय एकवीस. बारावीनंतर शेतीची पदविका केलेली. बोलायला गोड आणि हिशोबाला पक्का. दुकानाचे मालक वयस्कर, सगळे त्यांना अण्णा म्हणत. अमोलला महिन्याचा पगार होताच. शिवाय बियाणे कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला होता की आमच्या वाणाच्या प्रत्येक पिशवीमागे विकणाऱ्याला ५० रुपये, आणि जूनअखेर २०० पिशव्या गेल्या तर गोव्याची सहल. अमोलने गोवा पाहिला नव्हता. त्याने काउंटरच्या खणात एक छोटी वही ठेवली आणि पिशवी गेली की रेघ मारायला सुरुवात केली.

९ जूनला संध्याकाळी पहिला पाऊस झाला. मृग नुकताच लागला होता. दुसऱ्या दिवशी मंडळाचा आकडा आला, ३२ मिलिमीटर. सकाळी नऊलाच दुकानापुढे मोटारसायकली लागल्या. त्यात शेजारच्या गावचे आबा होते. चार एकर काळी जमीन, विहिरीला पाणी जेमतेम. आबांनी पिशवीवर हात ठेवून विचारलं,

"काय रं अमोल, पाऊस तर झाला. पेरू का आता?"

अमोलच्या मागे आठ गिऱ्हाइकं उभी होती. तो म्हणाला, "आबा, सगळेच न्यायलेत. वाण एक नंबर आहे. उद्या संपलं तर मला बोलू नका."

आबांनी चार पिशव्या घेतल्या. गोष्टीपुरती आपण पिशवी ३० किलोची आणि तिची किंमत ३००० रुपये धरू. म्हणजे १२ हजार रुपये झाले. अमोलने बिल केलं, त्यावर लॉट नंबर लिहिला, वहीत चार रेघा मारल्या. ११ जूनला आबांनी ट्रॅक्टरने पेरणी उरकली.

इथे जरा थांबा आणि वरचं संभाषण पुन्हा वाचा. अमोल खोटं काय बोलला? मुलांना हा प्रश्न विचारला की पहिल्यांदा सगळे म्हणतात, "फसवलं त्यानं!" मग शोधायला लागतात आणि अडतात. कारण अमोलने एकही खोटं वाक्य उच्चारलेलं नाही. सगळे नेत होते, हे खरं. वाण चांगलं, हेही खरं. बियाणं उद्या संपलंही असतं. फक्त आबांनी विचारलं होतं "पेरू का?" आणि त्या प्रश्नाचं उत्तर अमोलने दिलंच नाही. त्याने "घेऊ का?" या प्रश्नाचं उत्तर दिलं. तो प्रश्न आबांनी विचारलाच नव्हता.

आता पुढे.

पावसाने दडी मारली. १२ जूनपासून कडक ऊन. १८ तारखेला आबा दुकानात आले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. रिकामी पिशवी आणि बिल काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "उगवलं न्हाई. चार एकरात चार रोपं न्हाईत."

अमोलच्या पोटात गोळा आला. त्याला वाटलं, बियाणं खराब निघालं. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या होत्या. तेव्हा तो शाळेत होता, पण त्या वर्षीच्या गोष्टी गावात अजून निघत. अण्णांनी मात्र शांतपणे बिल पाहिलं, आतल्या खोलीत गेले आणि कागदाचं एक पाकीट घेऊन आले. दुकानात आलेल्या प्रत्येक लॉटमधलं थोडं बियाणं ते काढून ठेवत आणि १०० दाणे ओल्या पोत्यात घालून उगवण बघत. या लॉटच्या पाकिटावर लिहिलं होतं, ८४. म्हणजे शंभरातले ८४ दाणे उगवले होते. सोयाबीनच्या बियाण्याला नियमाने किमान ७० टक्के उगवण लागते. बियाणं चांगलं होतं.

"चला आबा, रान बघू," अण्णा म्हणाले. अमोललाही गाडीवर मागे बसवलं.

रानात गेल्यावर अण्णांनी खुरप्याने तास उकरला. तास म्हणजे पेरणीची ओळ. तीन-चार बोटं खाली दाणे सापडले. काही फुगून फुटलेले, काहींना जरासा मोड आलेला आणि तो तिथेच वाळलेला. काही दाबल्यावर पिठासारखे झाले, त्यांना कुजका वास होता. मग अण्णांनी आणखी खाली उकरलं. खालची माती कोरडी ठणठणीत होती.

मुलांनो, हे उकरणं फार महत्त्वाचं आहे. न उगवलेलं रान वरून सारखंच दिसतं. कारण कळतं ते मातीखाली. दाणा मुळातच मेलेला असेल तर पुरेशी ओल असूनही तो मोड न येता सडतो, आणि असे दाणे सगळ्या रानभर, ओल असलेल्या भागातही सापडतात. बियाणं फार खोल पडलं असेल तर मोड लांबलचक, वाकडा होऊन वर न पोचता मातीतच अडकलेला दिसतो. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पेरत नाहीत ते याचसाठी. आणि ओल अपुरी पडली असेल तर आबांच्या रानात दिसलं तसं दिसतं. दाणा जागा होतो, मोड काढतो आणि मरतो.

असं का होतं? सोयाबीनच्या दाण्याला उगवण्यासाठी साधारण स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी शोषावं लागतं. ज्वारीचा दाणा त्यापेक्षा कमी पाण्यावर भागवतो. पहिल्या पावसाने वरची माती भिजली, दाणा फुगला. एकदा फुगलेला आणि मोडावर आलेला दाणा पुन्हा वाळला की संपला. तो पुढच्या पावसाची वाट बघू शकत नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली आणि तापलेली असते. ३२ मिलिमीटर पाऊस तिच्या वरच्या थरातच जिरून जातो. म्हणून कृषी विभाग आणि विद्यापीठं दरवर्षी एकच सांगतात : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. ही ओळ अमोलने पदविकेच्या परीक्षेत लिहिलेली होती. तिला गुणही मिळाले होते!

अण्णांनी आबांना सगळं खरं सांगितलं. "आबा, बियाणं खराब नव्हतं. ओल कमी होती. तुमच्याकडे बिल आहे, पिशवी आहे, टॅग आहे. तक्रार करायची असंल तर पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज द्या. तालुक्याची समिती येऊन रान बघंल. मी अडवणार न्हाई."

समिती आली असती तर तिनेही हेच पाहिलं असतं आणि कागदावर दुकान निर्दोष सुटलं असतं. कारण कायदा बियाण्याबद्दल विचारतो. काउंटरवर कोणी "थांबा" म्हणालं नाही, याचा रकाना पंचनाम्यात नसतो.

मग अण्णा म्हणाले, "चार पिशव्या मी खरेदीच्या भावात देतो. पैसे दिवाळीला द्या."

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उधारी नको अण्णा. मी इचारलं होतं की. कुणी नुसतं थांब म्हनलं असतं तरी पुरलं असतं."

आबांनी दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातून चार पिशव्या घेतल्या. रोख दिले.

आता वही घ्या. आबांचं नुकसान काढू. पहिल्या चार पिशव्यांचे १२ हजार मातीत गेले. ट्रॅक्टरच्या पेरणीचं भाडं एकरी १००० धरा, चार एकराचे ४ हजार. दोन्ही मिळून १६ हजार. हे दुबार पेरणीचं नुकसान. अमोलची त्या चार पिशव्यांवरची कमाई किती? चार गुणिले ५०, म्हणजे २०० रुपये. आबांचे १६ हजार गेले तेव्हा अमोलला २०० मिळाले. १६ हजाराला २०० ने भाग देऊन बघा, किती पट येतं ते. पण मला वाटतं यातला सगळ्यात महाग आकडा वहीत येतच नाही. आबा दरवर्षी त्या दुकानातून खत नेत, तुरीचं बियाणं नेत, फवारणीचं औषध नेत. ते सगळं आता समोरच्या दुकानात गेलं.

परत येताना गाडीवर अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरलं तरी जमतं. कशाची घाई होती रे?" अमोलला उत्तर माहीत होतं. खणातल्या वहीची.

दोन दिवसांनी, २० जूनला, दुपारच्या वेळी एक मावशी आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. पाच एकर सोयाबीन करायचं होतं. म्हणाल्या, "भैया, पाच पिशव्या दे बरं चांगल्या."

अमोलच्या वहीत तोवर १७० च्या पुढे रेघा गेल्या होत्या. त्याने पिशव्यांकडे हात केला आणि थांबला.

"मावशी, मागच्या वर्षी कुठलं वाण होतं तुमचं? घरी ठेवलंय का काही?"

"हाय की. सहा पोती ठेवलीत, भाव येईना म्हणून. पण घरचं कुठं उगवतंय? बाजारचंच बरं म्हणतेत लोक."

इथे अमोलला शिकलेलं कामी आलं. सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे सरळ वाणाचं घरचं बियाणं पुढच्या वर्षी जसंच्या तसं त्याच वाणाचं झाड देतं. एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की त्याच्या पिकातलं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं. कपाशीच्या किंवा मक्याच्या संकरित बियाण्याचं तसं नाही, ते दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. हा फरक नीट लक्षात ठेवा. नाहीतर कुणी घरी जाऊन आजोबांना सांगायचं की सरांनी कपाशीची सरकीच पेरायला सांगितलीय!

मात्र घरचं सोयाबीन उगवेलच असंही नाही. त्याचं टरफल फार पातळ असतं. कापणीच्या वेळी पाऊस लागला, मळणी यंत्र जास्त वेगाने फिरवलं, पोतं उंचावरून आपटलं, तर दाणा वरून साबूत दिसतो आणि आतून मेलेला असतो. म्हणून अमोलने विचारलं. मावशींचं सोयाबीन पावसाआधी निघालं होतं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, एकावर एक दोनच ठेवलेली.

"मावशी, आज पिशव्या घेऊ नका. मी सांगतो तसं करून बघा. सात दिवस लागतील."

"सात दिस? आन् पाऊस आला तर?"

"आला तरी दोन-तीन दिवस वाफसा यायला लागतातच. पिशव्या कुठं जात न्हाईत. गरज पडली तर पाच पिशव्या मी बाजूला काढून ठेवतो."

ही शेवटची ओळ मला महत्त्वाची वाटते. नुसतं "घरचं पेरा" म्हणून त्याने मावशींना वाऱ्यावर सोडलं नाही. सात दिवसांनी चाचणी फसली असती तर त्यांच्या हातात काहीच राहिलं नसतं. ती जोखीम त्याने दुकानावर घेतली, आणि अण्णांना विचारून घेतली.

त्याने मावशींना उगवण चाचणी अशी सांगितली. प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून मूठमूठ दाणे काढायचे आणि एकत्र करायचे. त्यातले दाणे निवडायचे नाहीत, जसे हाताला येतील तसे मोजायचे. (इथेच सगळे चुकतात. चांगले टपोरे दाणे निवडले की चाचणी झकास येते आणि रान मात्र विरळ उगवतं.) जुनं गोणपाट स्वच्छ धुवून त्याचे तुकडे करायचे. ओल्या तुकड्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, त्यावर दुसरा ओला तुकडा पसरायचा आणि चटईसारखी गुंडाळी करायची. अशा तीन गुंडाळ्या करायच्या. त्या सावलीत ठेवायच्या, रोज पाणी शिंपडायचं, पण पाण्यात बुडवायच्या नाहीत. सहा-सात दिवसांनी उघडायच्या आणि ज्यांना नीट मूळ आणि नीट कोंब आला आहे तेवढेच दाणे मोजायचे. नुसता फुगलेला, बुरशी धरलेला किंवा मोड तुटका असलेला दाणा मोजणीत धरायचा नाही.

२४ जूनला पाऊस आला, ४६ मिलिमीटर. २५ ला पुन्हा ३८. बेरीज करा. दुकानात पुन्हा झुंबड उडाली. मावशींचा फोन आला, "भैया, शेजारचे तयारीला लागलेत. उघडू का गुंडाळी?" अमोल म्हणाला, "अजून एक दिवस." फोन ठेवल्यावर त्याचेच हात गार पडले होते. बाजूला ठेवलेल्या पाच पिशव्या दोन गिऱ्हाइकांनी मागितल्या, त्याने दिल्या नाहीत. वहीत रेघ पडली नाही.

२६ ला संध्याकाळी मावशींच्या मुलाने आकडे पाठवले : पहिल्या गुंडाळीत ८०, दुसऱ्यात ७६, तिसऱ्यात ७८. सरासरी तुम्हीच काढा. ती ७० च्या वर आहे, म्हणजे नेहमीचं एकरी ३० किलो बियाणं पुरेसं. २७ ला वाफसा आला. वाफसा म्हणजे माती ओली आहे पण चिखल नाही. मुठीत दाबली की गोळा होतो आणि गोळा खाली टाकला की फुटतो. २८ ला मावशींनी घरच्या दीडशे किलो बियाण्याने पाच एकर पेरले. त्याआधी मुलाने दुकानातून बुरशीनाशक आणि रायझोबियमची पाकिटं नेली. अमोलने त्याला क्रम सांगितला : आधी बुरशीनाशक, बियाणं सावलीत वाळवायचं, आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या थोडंच आधी. रायझोबियम हे जिवंत जिवाणू आहेत, म्हणून त्यांना शेवटचा नंबर. हातमोजे घालायचे आणि उरलेलं बियाणं कोंबड्यांनाही टाकायचं नाही.

पाच पिशव्यांचे १५ हजार मावशींच्या घरात राहिले. दुकानाची विक्री झाली ती काही पाकिटांची.

३० जूनला वही मोजली. १९६ रेघा. गोव्याला दुसऱ्या दुकानातला मुलगा गेला.

मुलं इथे हमखास विचारतात, "सर, मग मावशींनी त्याला काय दिलं?" त्या दिवशी काहीच नाही. जुलैत तणनाशक घ्यायला त्या स्वतः आल्या आणि सोबत जावेला घेऊन आल्या. ऑगस्टमध्ये त्यांचा मुलगा अळीने खाल्लेली पानं पिशवीत घेऊन आला आणि औषधाचं नाव न सांगता विचारलं, "ही काय हाय?" दुकानदारीत हा मोठा फरक आहे. आधी लोक येऊन "अमुक औषध दे" म्हणत. आता पान दाखवून "काय करू?" विचारू लागले.

पुढच्या वर्षी मे महिन्यातच मावशींच्या वस्तीवरचे १९ शेतकरी उगवण बघायला घरचं सोयाबीन घेऊन आले. अमोलने मागच्या खोलीत गोणपाटाच्या गुंडाळ्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. तेरा जणांचं ७० च्या वर आलं, त्यांना त्याने पिशवी विकली नाही. सहा जणांचं ६० च्याही खाली आलं. कापणीत पाऊस सापडलेला. ६० च्या खालचं बियाणं पेरू नये असं सांगतात. अमोल त्यांना म्हणाला, "हे पेरू नका, विकत घ्या." सहाही जणांनी पिशव्या घेतल्या. कुणी भाव केला, पण "तुला विकायचंय म्हणून सांगतोस" असं एकानेही म्हटलं नाही. शेजारच्या तेरा जणांना त्याने परत पाठवलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आबा मात्र आले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. रस्त्यात भेटले की अमोल "राम राम आबा" म्हणतो, तेही "राम राम" म्हणतात आणि समोरच्या दुकानात शिरतात. काही मुलांना गोष्टीचा हा भाग आवडत नाही, त्यांना आबांना परत आणायचं असतं. मी आणत नाही. वर्गात पाहिजे तर यावर दोन बाजूंनी बोला : आबांनी परत यायला हवं होतं का?

आता स्वाध्याय. पहिला तोंडी आहे. १० जूनची सकाळ, मागे आठ गिऱ्हाइकं, आणि आबा विचारतात, "पेरू का आता?" दोघांनी जोडी करून अमोल आणि आबा व्हा. अमोलचं उत्तर तीन वाक्यांतच द्यायचं, कारण गर्दी खरीच आहे. त्यात ३२ हा आकडा आला पाहिजे.

दुसरा गणिताचा. उगवण ६० ते ७० टक्क्यांच्या मध्ये आली तर बियाणं थोडं जास्त पेरून भागवता येतं. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो, तर कमी उगवणीला किती, हे असं काढतात : ३० ला ७० ने गुणायचं आणि आलेल्या उगवणीने भागायचं. उदाहरणार्थ उगवण ६५ आली तर ३० गुणिले ७० म्हणजे २१००, भागिले ६५, उत्तर साधारण सव्वाबत्तीस किलो. दर एक टक्का कमी झाला की एकरी अर्धा किलो वाढवा, असंही शेतकरी सोपं करून धरतात. दोन्ही रीतींनी उत्तर जवळपास येतं का, ते पडताळा.

मावशींच्या जावेच्या तीन गुंडाळ्यांत ६६, ६२ आणि ६४ दाणे उगवले. तिचं रान तीन एकर आहे. तिला किती किलो बियाणं लागेल? उत्तर काढून झालं की घरी सोयाबीन, मूग किंवा हरभरा जे असेल त्याचे १०० दाणे न निवडता मोजा आणि गुंडाळी करा. सातव्या दिवशी ती वर्गात घेऊन या, आपण एकत्र उघडू.